अस्सल पावती 7,200 ची, स्थळप्रत 1,200 ची: एका सोसायटीने हिशेबनिसाचं काम थांबवलं त्याची हकीकत

हे प्रकरण छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातल्या एका गृहनिर्माण सोसायटीचं आहे. माणसांची नावं, सोसायटीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालो. सोसायटीच्या सचिवांशी जुनी ओळख होती, म्हणून त्यांनी बोलावलं. मानधन घेतलं नाही, त्यामुळे स्पष्ट बोलायला मोकळा होतो.

पार्श्वभूमी

सोसायटीत 56 सदनिका. देखभाल शुल्क महिना 1,200 रुपये. 38 जण बँकेतून किंवा मोबाइलवरून भरायचे, उरलेले 18 जण रोखीनं. त्यांत निवृत्त माणसं, एक-दोन दुकानदार आणि एक रिक्षावाले.

हिशेबनीस 2019 पासून कामाला होते. दर रविवारी सकाळी दहा ते एक सोसायटीच्या कार्यालयात बसायचे आणि महिन्याला 5,000 रुपये मानधन घ्यायचे. नेमणूकपत्र नव्हतं. इतिवृत्तात तेवढा एक ठराव होता, त्यात मानधन आणि ‘एक महिन्याची पूर्वसूचना’ एवढंच लिहिलेलं. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, रोख शिल्लक त्यांच्याकडच्या पेटीत आणि सोसायटीचा शिक्काही त्यांच्याच पिशवीत. माणूस शांत, वेळेवर येणारा. मोबाइलवर पैसे भरता न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी स्वतः जाऊन पैसे आणायचे, आणि लोकांना त्याचं कौतुक होतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, पुढे तिनेच अडचण केली. उपविधीप्रमाणे पावतीवर पदाधिकाऱ्याची सही लागते, म्हणून खजिनदार नव्या पावतीपुस्तकाच्या सगळ्या पानांवर एका बैठकीत सह्या करून ठेवत. कोऱ्या चेकवरही तसंच. चेकचा गैरवापर झाल्याचं आम्हाला आढळलं नाही, पण ते नशीब म्हणायचं.

घोळ कसा दिसला

मे 2023 मध्ये थकबाकीदारांना नोटिसा गेल्या. एका निवृत्त शिक्षिकेला 6,000 रुपये थकबाकी आणि वर व्याज अशी नोटीस आली. शनिवारी, 13 मेला, दुपारी त्या कार्यालयात आल्या आणि स्टीलच्या डब्यातून पावती काढून सचिवांपुढे ठेवली. 6 जानेवारीची पावती, ऑक्टोबर ते मार्च, 7,200 रुपये रोख. ‘‘मी आयुष्यभर हजेरी घेतली आहे, माझी गैरहजेरी कुणी लावायची नाही,’’ असं त्या म्हणाल्या.

सचिवांनी पावतीपुस्तक उघडलं. त्याच क्रमांकाच्या, पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर 1,200 रुपये होते आणि ‘ऑक्टोबर’ एवढंच लिहिलं होतं.

ती स्थळप्रत मी नंतर हातात घेऊन पाहिली. कार्बनची प्रत असते तेव्हा अक्षर निळसर, कडांना पसरट आणि थोडं धुरकट दिसतं. या पानावर अक्षरं बॉलपेनची होती, धारदार, आणि पान उलटं करून बोट फिरवलं की दाबाच्या रेघा लागायच्या. म्हणजे अस्सल पावती फाडून दिली तेव्हा खाली कार्बन नव्हताच. स्थळप्रत नंतर सवडीनं वेगळी लिहिली होती. मागच्या-पुढच्या पानांवर मात्र कार्बनची नेहमीची निळाई होती. असं एक पान सापडलं की पुस्तकातलं प्रत्येक पान उलटं करून बघावं लागतं.

सचिवांनी त्या दुपारी एक काम नकळत फार चांगलं केलं. चालू पुस्तकातल्या सगळ्या स्थळप्रतींचे मोबाइलवर फोटो काढले. ‘‘उगाच, मनात आलं म्हणून,’’ असं ते सांगतात. पुढे निम्मं प्रकरण त्या फोटोंवर उभं राहिलं.

एक फोन

त्याच रात्री खजिनदारांनी हिशेबनिसांना फोन केला. पावत्यांवर सह्या त्यांच्या, त्यामुळे राग येणं साहजिक होतं. ‘‘कामून केलं असं? उद्या सगळी पुस्तकं घेऊन ये, नाही तर पोलिसात देतो.’’

रविवारी हिशेबनीस आले नाहीत. आधीची दोन पावतीपुस्तकं, पेटी, शिक्का आणि लॅपटॉपमधला हिशेब, सगळं त्यांच्याच घरी होतं. नऊ दिवसांनी, 23 मेला, त्यांच्या मेहुण्यानं एका पिशवीत एक पावतीपुस्तक, पेटी, शिक्का आणि पेनड्राइव्ह आणून दिला. दुसरं पुस्तक ‘सापडत नाही’ असा निरोप होता.

या प्रकरणात सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच, आणि तो कमिटीत चर्चा होऊन झालेला नव्हता. दप्तर ज्याच्या ताब्यात आहे, त्याला संशय कळण्याआधी दप्तर आपल्याकडे यायला हवं होतं. ‘लेखापरीक्षकांनी मागितलं आहे’ हे कारण पुरेसं होतं, आणि मार्चअखेर नुकतीच झाल्यानं ते खरंही होतं. दप्तर मिळतच नसेल किंवा त्यात फेरफार होण्याची भीती असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 80 खाली निबंधकांकडून ते ताब्यात घेता येतं, पण त्याला अर्ज, कागद आणि वेळ लागतो. रविवारी सकाळी शांतपणे मागितलं असतं तर एका तासात मिळालं असतं.

नऊ दिवसांत काय बदललं

पेनड्राइव्हवरची थकबाकी यादी आणि नोटिसा काढताना सचिवांनी छापलेली यादी शेजारी ठेवली. दोन सदनिकांची बाकी बदलली होती. एकाची 7,200 आणि एकाची 3,600. छापील यादीत ते थकबाकीदार होते, नव्या यादीत त्यांनी मार्चमध्येच पैसे भरले होते. मागच्या तारखेच्या नोंदी झाल्या होत्या.

हिशेबात एक भोक बुजवलं की दुसरीकडे पडतं. ‘सदनिकाधारकाकडून रोख जमा’ अशी नोंद केली की त्याची बाकी उतरते, पण रोख शिल्लक तेवढीच चढते. जुन्या छापील कागदांप्रमाणे रोख शिल्लक 3,140 रुपये होती. पेनड्राइव्हवर ती 13,940 झाली. पेटीत मोजले तर 3,140. फरक बरोबर 10,800 चा. त्या नोंदींनी त्यांना झाकलं नाही, उलट आमचं काम सोपं केलं.

मग रोखीनं भरणाऱ्या 18 जणांना अस्सल पावत्या घेऊन बोलावलं. 14 जणांकडे मिळाल्या, चौघांकडे नव्हत्या. एप्रिल 2022 पासूनच्या 41 पावत्या जुळवून पाहिल्या. 13 जुळल्या नाहीत आणि त्यांचे तीन प्रकार होते.

पहिला शिक्षिकेसारखा. चार पावत्यांत स्थळप्रतीवरची रक्कम कमी, एकूण फरक 18,000. दुसऱ्या प्रकारात दोन पावत्या सोसायटीच्या पुस्तकातल्याच नव्हत्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या पुस्तकातल्या, वर सोसायटीचा शिक्का आणि हिशेबनिसांची छोटी सही. प्रत्येकी 7,200, म्हणजे 14,400. शिक्का त्यांच्या पिशवीत असण्याचा अर्थ तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आला.

तिसरा प्रकार सात पावत्यांचा. स्थळप्रत बरोबर, पण रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, नोंद वीस दिवसांपासून दोन महिने उशिरा. ही ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. जानेवारीत 12 नंबरचे पैसे वापरले, फेब्रुवारीत 27 नंबरचे आले की ते 12 नंबरच्या नावानं जमा दाखवले, मार्चमध्ये तिसऱ्याचे आले की 27 नंबरच्या. शेवटी कुणीतरी डोकं उघडं राहतंच. पाच जणांचे पैसे या फिरवाफिरवीत उशिरा का होईना जमा झाले होते. उघडी राहिलेली दोन डोकी म्हणजे तेच वरचे 10,800.

एकूण 43,200 रुपये. कागदावर दाखवता येतील असे.

टँकरचा विषय यात धरला नाही, आणि त्यावरून कमिटीत बराच वाद झाला. आमच्याकडे नळाचं पाणी कितीतरी दिवसांनी येतं, उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही. 2022 च्या एप्रिल ते जूनमध्ये 61 खेपांची व्हाउचरं होती. वॉचमनमामांच्या वहीत 44. सतरा खेपांचा फरक बघून सगळे एकदम बोलायला लागले. मी वही पुन्हा पाहिली. मामा त्या काळात लग्नासाठी नऊ दिवस गावी गेले होते आणि बदली माणसानं वहीत एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. टँकरवाल्याकडे पावत्या नव्हत्या, ‘‘भाऊ, सगळा हिशोब तोंडीच हाये’’ म्हणाला. संशय होता, पुरावा नव्हता. आरोपात तो घातला असता तर हिशेबनिसांनी याच एका मुद्द्यावर आम्हाला खोटं पाडलं असतं आणि उरलेले 43,200 ही वादात गेले असते.

समोर असलेले पर्याय

कमिटीच्या तातडीच्या बैठकीत तीन मतं पडली. अध्यक्षांचं म्हणणं, पैसे भरून घ्या आणि गुपचूप जाऊ द्या, पोरीबाळी आहेत त्याला. खजिनदारांचं म्हणणं, आजच पोलिसात जा. सचिवांना वाटत होतं, आधी काम बंद करा, मग बघू.

मी सुचवलेला क्रम वेगळा होता. काम तात्पुरतं थांबवा, नेमक्या पावत्या लिहून खुलासा मागा, ऐकून घ्या, मग ठराव करा. यात दोन कारणं होती. नेमणूकपत्र नसलं तरी चार वर्षांचं काम आणि ठराव होता. न ऐकता काढलं असतं तर ‘मला बोलूच दिलं नाही’ ही तक्रार त्यांच्या बाजूनं जड झाली असती. आणि दुसरं, खरोखरच त्यांच्याकडे काही उत्तर असू शकतं. तीसेक वर्षांत चोरी वाटलेला गोंधळ आणि गोंधळ वाटलेली चोरी, दोन्ही पुरेसं पाहिलंय.

खजिनदारांनी सुनावणीत बसू नये, असंही मी म्हटलं. त्यांना ते लागलं. ‘‘म्हणजे मीच चोर काय?’’ चोर नव्हते, पण पावत्यांवर सह्या त्यांच्या होत्या. साक्षीदारानं न्यायाधीश होऊ नये, एवढं त्यांनी दुसऱ्या दिवशी मान्य केलं.

विचारणा

25 मेच्या पत्रात एकही विशेषण नव्हतं. पावती क्रमांक, अस्सल पावतीवरची रक्कम, स्थळप्रतीवरची रक्कम, रोजकीर्दीतली तारीख आणि रक्कम, आणि शेवटी ‘याबाबत खुलासा करावा’. अफरातफर, चोरी, फसवणूक हे शब्द मुद्दाम टाळले.

4 जूनला ते आले. चहा घेतला नाही. आधी म्हणाले कार्बन घसरला असेल. मी ते पान उलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी बोट फिरवलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘साहेब, काही पैसे सोसायटीच्याच कामाला गेलेत. झाडूवालीला उचल दिली होती, व्हाउचर राहिलं.’’

झाडूवाल्या मावशींना लगेच खालून बोलावून विचारलं. त्यांनी तीन वेळा उचल घेतल्याचं सांगितलं, रक्कम 4,800, आणि ती पगारातून कापलेली नव्हती. कमिटीतल्या दोघांना हे मान्य करायचं नव्हतं. पण मावशींना खोटं बोलून काही मिळणार नव्हतं, उलट पुढच्या पगारातून ते वळते होणार होते. 4,800 वजा केले. उरले 38,400.

काम थांबवणं

11 जूनला ठराव झाला. 30 जूनपासून काम बंद, आणि तोवर दप्तराला हात लावायचा नाही. पत्रात कारण एवढंच: ‘रोख जमेच्या नोंदी व पावत्या यांत आढळलेल्या तफावती आणि आपला 4 जूनचा खुलासा विचारात घेऊन’. दप्तराच्या हस्तांतराची यादी केली, त्यात न मिळालेलं पावतीपुस्तक ‘अप्राप्त’ म्हणून लिहिलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. बँकेला पत्र देऊन चेकबुकं आणि बँकेचे संदेश येण्याचा मोबाइल नंबर बदलला. हरवलेल्या पुस्तकातले क्रमांक सूचना फलकावर लावले, म्हणजे त्या क्रमांकाची पावती पुढे कुणी आणली तर लगेच कळेल.

जूनचं 5,000 मानधन येणं होतं. ते परस्पर कापायचं कमिटीच्या मनात होतं. मी म्हटलं, त्यांची लेखी संमती घ्या. ती त्यांनी दिली. उरले 33,400. त्यांपैकी 15,000 चा चेक तिथेच दिला आणि 18,400 चार हप्त्यांत, प्रत्येकी 4,600.

इथं एक ओळ खोडावी लागली. अध्यक्षांनी करारनाम्यात लिहून आणलं होतं, ‘पूर्ण रक्कम मिळाल्यास सोसायटी कुठेही तक्रार करणार नाही’. माणुसकीनं लिहिलं होतं, पण पैसे घेऊन फौजदारी तक्रार न करण्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्धचा उद्देश करार निरर्थक करतो. शिवाय असा कागद उद्या सोसायटीवरच उलटू शकतो. ती ओळ काढून फक्त रक्कम आणि तारखा ठेवल्या.

आपल्या हातात नसलेला निर्णय

कमिटीला वाटत होतं, विषय आपण मिटवला. जुलैमध्ये लेखापरीक्षक आले तेव्हा कळलं की तसं नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 81 प्रमाणे हिशेबासंबंधी कुणी अपराध केल्याचा निष्कर्ष लेखापरीक्षकानं काढला, तर त्याला अहवाल दिल्यापासून पंधरा दिवसांत निबंधकांना विशेष अहवाल द्यावा लागतो आणि त्यांच्या लेखी परवानगीनं प्रथम खबर नोंदवावी लागते. त्यांनी विशेष अहवाल पाठवला. अध्यक्ष दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण लेखापरीक्षकांपासून ही कागदपत्रं लपवली असती, तर पुढचं बोट कमिटीकडेच आलं असतं. त्यांच्या अहवालात खजिनदारांच्या आगाऊ सह्यांवरही स्वतंत्र शेरा आहे आणि कलम 82 खालच्या दोषदुरुस्ती अहवालात कमिटीला त्याचं उत्तर द्यावं लागलं.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत सचिवांनी तक्ता वाचला, हिशेबनिसांचं नाव न घेता. तोवर व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं त्यांचा फोटो टाकून खाली ‘चोर’ लिहिलंच होतं. सचिवांनी तो काढायला लावला. कोर्टात सिद्ध न झालेल्या गोष्टीला तसा शब्द लावला तर बदनामीचा दावा सदस्यावर येतो.

काय वेगळं करता आलं असतं

फोनचं वर सांगितलंच. दुसरं म्हणजे थकबाकीची यादी. ती वर्षातून एकदा नोटीस काढतानाच निघायची. दर तिमाहीला प्रत्येक सदनिकेची ‘जमा’ आणि ‘बाकी’ जिन्याखालच्या फलकावर लागली असती, तर शिक्षिकेनं जानेवारीतली चूक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पकडली असती, आणि टोपी फिरवायला दोन महिन्यांची मोकळीक मिळाली नसती. सोसायटीनं आता हे सुरू केलंय. रोख घेणंही बंद केलं. ज्यांना मोबाइलवर जमत नाही ते बँकेत खात्यावर भरून स्लिप देतात. टॅली सोसायटीच्या संगणकावर आहे आणि त्याचा पासवर्ड सचिवांकडेही आहे. नवीन हिशेबनीस बाईंना नेमणूकपत्र दिलंय.

लेखापरीक्षकांच्या नमुना तपासणीत हे का निसटलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. ते स्थळप्रत आणि रोजकीर्द जुळवतात. ज्या चार पावत्यांत स्थळप्रतच खोटी होती, तिथे दोन्ही जुळलेलीच होती. खरा आकडा सदस्याच्या घरातल्या डब्यात होता.

सध्याची स्थिती

शिक्षिकेचं खातं दुरुस्त झालं, व्याज माफ झालं. हिशेबनिसांचे दोन हप्ते आले, 9,200 अजून बाकी आहेत. सहकार न्यायालयात दावा लावावा का, यावर कमिटीचं एकमत नाही. एवढ्या रकमेसाठी वकिलाची फी परवडत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. विशेष अहवालावरची कार्यवाही त्याच्या वाटेनं चालू आहे.

पावत्या हरवलेल्या चौघांपैकी तिघांनी बाकी भरून टाकली. चौथे रिक्षावाले. सहा महिन्यांचे पैसे हिशेबनिसांच्या हातात दिले, पावती रिक्षाच्या सनशेडमध्ये अडकवली आणि ती कुठेतरी उडाली, असं त्यांचं म्हणणं. न मिळालेलं पावतीपुस्तक याच काळातलं आहे. कमिटीनं ‘पुरावा नाही’ म्हणून त्यांची बाकी कायम ठेवली. मी या निर्णयाच्या विरोधात होतो आणि आजही आहे. दप्तर सोसायटीनं हरवलं, मग पुराव्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर का? त्यांनी पुढच्या सभेत हा विषय घ्यावा म्हणून अर्ज दिलाय. अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला.